ईमेलचं पहिलं वाक्य: ‘कुशल’ आणि ‘विशेष’

प्रश्न: ऑफिसच्या मराठी ईमेलची सुरुवात मी ‘आशा आहे की हा ईमेल तुम्हाला कुशल अवस्थेत भेटेल’ अशी करते. आमच्या वरिष्ठ म्हणतात, हे वाक्य काढ आणि कशासाठी लिहिते आहेस ते आधी सांग. पण तसं थेट लिहिलं की मराठीत उद्धट वाटतं. मग पहिलं वाक्य नेमकं कसं असावं?

उत्तर: तुमच्या वरिष्ठांशी मी सहमत आहे, आणि उद्धटपणाची तुमची शंकाही रास्त आहे. फक्त तो उद्धटपणा येतो कुठून, ते नीट पाहायला हवं.

आधी त्या वाक्याकडे बघू. ते इंग्रजीतून जसंच्या तसं उचललेलं आहे. तिकडे पत्र माणसाला ‘गाठतं’ आणि त्या वेळी तो बरा असावा, अशी इच्छा व्यक्त केली जाते. मराठीत माणसाला गाठतो तो सावकार, नाहीतर काळ. पत्र आपलं गुपचूप पोचतं. ‘आशा आहे की’ ही सुरुवातही मराठी वळणाची नाही. आपण सहज बोलताना ‘तुम्ही बरे असाल अशी आशा आहे’ असं म्हणू.

आता कुणी म्हणेल की क्षेमकुशल विचारायची रीत आपलीच आहे, ती इंग्रजीतून थोडीच आली? खरंच आहे. पेशवाईतली पत्रं पाहा: ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. विशेष.’ असं झालं की मग मुख्य मजकूर. पत्र पोचायला दिवसच्या दिवस लागायचे. लिहिणारा आणि वाचणारा दोघंही धडधाकट आहेत, ही तेव्हा खरोखरची बातमी होती. पण माझं लक्ष जातं ते शेवटच्या ‘विशेष’वर. उपचार संपला, आता कामाचं ऐका, असं सांगणारी ती खूण आहे. पुढे शिष्टाचार आक्रसत गेला आणि ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’चं ‘सा. न. वि. वि.’ झालं. जे वाक्य आद्याक्षरांवर आलं तरी कुणाचं काही अडत नाही, ते कुणी वाचत नव्हतं असं समजायला हरकत नाही. रोमन लोकांचंही असंच झालं होतं. ‘तू बरा असशील तर उत्तम, मी बरा आहे’ हे त्यांचं ठरावीक वाक्य पत्राच्या माथ्यावर नुसत्या आद्याक्षरांत लिहिलं जाई. म्हणजे तुमच्या वरिष्ठ नवीन काही मागत नाहीत. ‘विशेष’च्या पुढचं आधी लिही, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

एक खरा वाटेल असा ईमेल घेऊ.

‘नमस्कार. आशा आहे की आपण कुशल असाल. मागील बैठकीत ठरल्यानुसार वार्षिक अहवालाचे काम सुरू असून पहिली दोन प्रकरणे पूर्ण झाली आहेत. तिसऱ्या प्रकरणातील आकडे आपल्या विभागाकडून आलेले असल्याने ते एकदा नजरेखालून घालता आले तर बरे होईल. अहवाल शुक्रवारी छपाईला जाणार आहे.’

यातली मागणी चौथ्या वाक्याच्या शेपटाला आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘असून’, ‘असल्याने’ लावत गेलं की काय करायचं ते कळायला वाक्य संपण्याची वाट पाहावी लागते. मुदत तर सांगितलेलीच नाही. शुक्रवारवरून ती वाचणाऱ्यानेच काढायची. शिवाय फोनवर ईमेलच्या यादीत विषयाखाली मजकुराचे पहिले काही शब्द दिसतात, तिथे इथे फक्त कुशल दिसणार.

पुष्कळ जण हे सुधारायला जातात आणि लिहितात, ‘वार्षिक अहवालासंदर्भात हा ईमेल लिहीत आहे.’ यात विषय आला, हेतू आलाच नाही. विषय विषयाच्या ओळीत आधीच लिहिलेला असतो. ‘सदर ईमेल लिहिण्याचे कारण की’ हेही तसंच. ‘पत्रास कारण की’ मला मनापासून आवडतं, पण ते कारणाची नुसती दवंडी पिटतं, कारण सांगत नाही. माझी कसोटी सोपी आहे. पहिलं वाक्य ठेवून बाकीचं सगळं झाकायचं. तेवढ्यावरून समोरच्याला काय करायचं आणि कधीपर्यंत करायचं हे कळलं, तर वाक्य जमलं.

‘नमस्कार. अहवालाच्या तिसऱ्या प्रकरणातील आकडे गुरुवारी संध्याकाळपर्यंत तपासून द्याल का? ते आपल्या विभागाकडून आलेले आहेत आणि अहवाल शुक्रवारी छपाईला जाणार आहे. मसुदा सोबत जोडला आहे. पहिली दोन प्रकरणे पूर्ण झाली आहेत, ती पाहण्याची गरज नाही.’

कारण गाळलेलं नाही, ते फक्त मागणीच्या मागे गेलं. ‘पहिली दोन प्रकरणे पूर्ण झाली’ हा तपशील आधी कामाचा अहवाल दिल्यासारखा वाटत होता. आता त्यातून वाचणाऱ्याचं काम किती कमी आहे ते कळतं.

आता उद्धटपणा. मराठीत आदर प्रामुख्याने क्रियापदात असतो, आधीच्या गोड वाक्यात नसतो. ‘आकडे तपासा’ म्हटलं की आज्ञा झाली. तिच्या आधी कितीही कुशल विचारलं तरी ती आज्ञाच राहते, उलट कुशल विचारणं खोटं वाटायला लागतं. ‘आकडे तपासावेत’ हा विध्यर्थ. तो वरकरणी नम्र असतो, पण नुसता वापरला तर सूचनाफलकासारखा वाचला जातो. ‘येथे थुंकू नये’ची हीच जात. त्याला ‘ही विनंती’ जोडलं की तो औपचारिक पत्राला शोभतो: ‘आकडे गुरुवारपर्यंत तपासून द्यावेत, ही विनंती.’ वरिष्ठांना किंवा बाहेरच्या संस्थेला मी असं लिहीन. बरोबरीच्या सहकाऱ्याला ‘तपासून द्याल का?’ पुरे, कारण त्यात नाही म्हणायला जागा आहे. ‘तपासून’नंतरचं ते ‘देणे’ही मोलाचं आहे. काम तुमचं नसून माझ्यासाठी करता आहात, हे ते न बोलता सांगतं. ‘नजरेखालून घालता आले तर बरे होईल’ यात मात्र नम्रता नाही, संदिग्धता आहे. वाचणारा ते सवडीने करण्याच्या खात्यात टाकतो, आणि त्याची काही चूक नसते.

मागायचं काही नसेल, फक्त कळवायचं असेल, तर बातमीच पहिलं वाक्य: ‘सोमवारची बैठक बुधवारी 11 वाजता ठेवली आहे.’ ‘आपणास कळविण्यात येते की’ ही शेपटी पुढे लावू नका. कळवलंत की कळतंच. अनोळखी माणसाला लिहिताना आपण कोण हे सांगावं लागतं, पण तेही हेतूला टेकून: ‘आपल्या लेखाचे भाषांतर करण्याची परवानगी मागण्यासाठी लिहीत आहे. मी भाषांतरकार आहे आणि…’

एका ठिकाणी मात्र मी वरिष्ठांचं ऐकणार नाही. समोरची व्यक्ती आजारपणातून नुकतीच कामावर परतली असेल, तर ‘आता पाय कसा आहे?’ हे पहिलं वाक्य ठेवा. तो उपचार नाही. तुम्हाला उत्तर खरंच हवं आहे, आणि पाय कुणाचा हे तुम्हाला माहीत आहे.