परतीच्या मालाची क्रेडिट नोट, डेबिट नोट आणि न जुळणारी बाकी

प्रश्न: दुकानदाराने माल परत केला, डेबिट नोट पाठवली, आम्ही क्रेडिट नोट काढली. तरी त्याच्या आणि आमच्या खातेउताऱ्यात फरक येतोच. नक्की कोणी काय काढायचं?

एकाच परतीचे हे दोन कागद आहेत, आणि कायद्याच्या दृष्टीने वजन फक्त तुमच्या कागदाला आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार क्रेडिट नोट विकणाराच काढतो. त्या कलमातली डेबिट नोटही विकणाऱ्याचीच असते, बिलात रक्कम किंवा कर कमी लागला असेल तेव्हाची. दुकानदार पाठवतो ती डेबिट नोट म्हणजे "माल परत केला, माझ्या देण्यातून एवढे कमी करा" असं कळवणं. त्याच्या वहीत ती चालते, पण तेवढ्याने तुमचा कर कमी होत नाही.

आकडे घालून पाहू. तुम्ही साताऱ्याच्या दुकानदाराला २० पंखे विकले. यादीतला भाव १,५००, त्यावर १० टक्के सूट, म्हणजे नग १,३५० रुपये. माल २७,००० चा, १८ टक्के जीएसटी ४,८६०, बिल ३१,८६० चं. चार पंखे परत आले. क्रेडिट नोट ५,४०० अधिक ९७२ कर, म्हणजे ६,३७२ ची. दुकानदाराकडून येणं राहिलं २५,४८८.

तुमच्या वहीत विक्री परत खातं ५,४०० ने नावे, सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी ४८६ ने नावे, आणि दुकानदाराचं खातं ६,३७२ ने जमा. त्याच्या वहीत बरोबर उलटं: तुमचं खातं ६,३७२ ने नावे, खरेदी परत ५,४०० जमा, आणि घेतलेलं इनपुट क्रेडिट ९७२ ने मागे. हा शेवटचा भाग त्याने केला नाही आणि सगळे ६,३७२ खरेदी परतीलाच जमा केले, तर त्याची बाकी तुमच्याशी जुळेल, पण त्याचं जीएसटीचं खातं चुकलेलं राहील.

नोट मूळ बिलाच्याच भावाने काढा. परतीची नोंद करताना माल निवडला की पुष्कळदा यादीतला भाव येऊन बसतो आणि सूट टाकायची राहते. इथे तसं झालं तर नोट ७,०८० ची होईल आणि ७०८ रुपये उगाच सुटतील.

आता तुमचा फरक. आधी फरकाची रक्कम पाहा, बहुतेक वेळा तीच चूक सांगते. नेमका ६,३७२ चा फरक असेल, तर कोणी तरी नोट एकदा जास्त चढवली किंवा चढवलीच नाही. सगळ्यात जास्त होतं ते असं: दुकानदार स्वतःची डेबिट नोट नोंदवतो, मग तुमची क्रेडिट नोट हातात आली की तीही नोंदवतो. त्याच्याकडे देणं १९,११६ दिसतं, तुमच्याकडे येणं २५,४८८. फरक १२,७४४, म्हणजे नोटेच्या दुप्पट असेल, तर नोट उलट्या बाजूला पडली आहे. आणि ९७२ असेल, तर एकाने कर धरलेला नाही. दुहेरी नोंद टाळायची तर क्रेडिट नोटेवर मूळ बिलाच्या क्रमांकाबरोबर त्याच्या डेबिट नोटेचा क्रमांकही लिहा. त्याच्या कारकुनाला लगेच कळतं की हा तोच माल.

टॅली प्राइममध्ये नोट (`Alt+F6`) टाकताना `Agst Ref` निवडून मूळ बिल जोडा. `On Account` ठेवलंत, तर एकूण बाकी बरोबर येईल, पण थकबाकीच्या यादीत बिल ३१,८६० चंच दिसत राहील आणि वसुलीवाला दुकानदाराशी भांडून येईल.

दुकानदाराने पूर्ण बिल आधीच भागवलं असेल, तर नोटेनंतर त्याच्या खात्यात ६,३७२ जमा बाकी दिसेल. ती चूक नाही, ते आता तुमचं देणं आहे. पुढच्या बिलात वळतं करा, नाहीतर परत द्या.

मुदत मात्र पाळा. ज्या आर्थिक वर्षातली विक्री, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी येईल तोवरच, ही नोट विवरणपत्रात दाखवून कर कमी करता येतो. जिल्ह्यातली दुकानं दिवाळीनंतर माल परत पाठवतात आणि त्यात गेल्या मार्चआधीची बिलं निघतात, तेव्हा हे दिवस फार पटकन संपतात. मुदतीनंतरही नोट काढता येते, पण ९७२ चा कर तुमच्या अंगावर पडतो. अशा वेळी नोंदणीकृत दुकानदाराने स्वतःचं करबिल करून तो माल तुम्हाला विकल्यासारखा परत पाठवणं सोयीचं. ही वाट २०१८ च्या परिपत्रकाने मोकळी ठेवली आहे. ते निघालं मुदत संपलेल्या औषधांसाठी, पण इतर परतीलाही लागू होऊ शकतं असं त्यातच म्हटलं आहे. मग तुमच्याकडून क्रेडिट नोट निघत नाही. त्याचं बिल खरेदी म्हणून नोंदवा आणि त्याच्या बाकीशी वळतं करा.