टिल्ट सेन्सर शटरवर नेमका कोठे लावावा

टिल्ट सेन्सर कल ओळखतो: उभा असला की ‘बंद’ आणि कलला की ‘उघडे’ असा निरोप देतो. उद्यमनगरातील आपल्या गाळ्याचे शटर गुंडाळले जाणारे असल्याने, सेन्सर खालच्या पट्टीवर लावल्यास ती शेवटपर्यंत उभीच वर सरकेल आणि शटर सताड उघडे असतानाही ‘बंद’ असाच निरोप येत राहील. वरच्या पट्टीवर लावावा, तर ती रुळाभोवती फिरते; पूर्ण फेरा झाला की पुन्हा उभी होते, शिवाय सेन्सरची डबी गुंडाळीत चिरडते. अशा शटरला खाली चुंबकी सेन्सरच योग्य.

घरच्या गॅरेजचे दार मात्र आडव्या फळ्यांचे, छताखाली सरकणारे असेल, तर टिल्ट सेन्सर सर्वांत वरच्या फळीवर लावावा, कारण वळणावर तीच प्रथम कलते. खालच्या फळीवर लावल्यास अर्धे उघडे दारही बंदच दिसते. वाऱ्याने दार थरथरून खोटे निरोप येत असल्यास, स्थिती 2-3 सेकंद टिकल्यावरच ती ग्राह्य धरावी.