संत्र्याचं कलम घेताना खुंट, लेबल आणि मर कशी बघायची?

प्रश्न: वरुडजवळ एक एकर काळी जमीन आहे, नागपुरी संत्रा लावायचाय. नर्सरीवाले सगळेच म्हणतात आमचंच कलम चांगलं. जंबेरीवरचं घेऊ की रंगपूरवरचं, आणि कलम खरं आहे हे ओळखायचं कसं?

उत्तर:

भाऊ, तुमची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी आहे, तर मी रंगपूर लिंबाच्या खुंटावरचंच घ्या म्हणेन. जंबेरी हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत जोमात वाढते, पण भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी साचलं की फायटोप्थोरा बुरशी तिची मुळं लवकर धरते, मग मूळकूज आणि डिंक्या. रंगपूर त्यामानाने तग धरतो आणि पाण्याचा ताणही सोसतो. अर्थात रंगपूरवर रोग येतच नाही असं नाही, निचऱ्याचे चर काढावेच लागतील.

आता अडचण अशी की डोळा भरून वर संत्रा वाढला की खाली कोणता खुंट आहे हे नुसतं बघून सांगणं अवघड. म्हणून कलम बघायच्या आधी त्यांची खुंटाची रोपं बघायला मागा, बी कुठून आणलं ते विचारा आणि बिलावर 'नागपूर संत्रा, खुंट रंगपूर' असं लिहून घ्या. आपल्याकडे फळ रोपवाटिकांचा 1969 चा कायदा आहे, त्यात परवाना लागतो आणि खुंट आणि डोळा कुठून आणला याची नोंद ठेवावी लागते. तेव्हा मातृवृक्ष कुठे आहेत, दाखवता का, असं सरळ विचारायचं. खरा माणूस रजिस्टर काढतो, किंवा झाडापाशीच घेऊन जातो. 'डोळे बाहेरून आणतो' म्हणाला तर मी पुढे जातो, कारण जात चुकली तर ते फळ धरल्यावरच कळतं, म्हणजे चार-पाच वर्षं गेली.

कलम हातात घेतलं की आधी डोळ्याची उंची मोजा. जमिनीपासून साधारण 9 इंचावर, म्हणजे वीतभर तरी हवी. खालून भरलेला डोळा लागवडीत, नंतर आळं करताना मातीत जातो आणि तिथूनच बुरशी संत्र्याच्या सालीत शिरते, मग खुंट कितीही चांगला असो, उपयोग नाही. दुसरं, फांदी डोळ्यातूनच निघालीय ना ते बघा. कधी डोळा मेलेला असतो आणि खालून खुंटाचाच फुटवा वाढलेला असतो, न बघता लावलं तर काटेरी आंबट लिंबाचं झाड होऊन बसतं.

मुळं बघितल्याशिवाय तर घेऊच नका. लॉटमधलं एक कलम विकत घ्या, पिशवी फाडा आणि मुळं पाण्यात धुवा. बारीक मुळं पांढरट-पिवळसर आणि घट्ट पाहिजेत. तपकिरी असतील आणि चिमटीत ओढल्यावर साल सुटून आत दोऱ्यासारखी तार उरत असेल तर मूळकूज आहे, तो पूर्ण लॉट सोडा. वरून पानं हिरवीगार असतात म्हणून फसायला होतं, मी तसाच फसलो. दोन एकरात 220 कलमं लावली, स्वस्त मिळाली होती, डोळे जेमतेम 4 इंचावर आणि पिशवीतली माती कुठली हे विचारलंच नाही. पहिलं वर्ष एकदम छान गेलं, दुसऱ्या पावसाळ्यानंतर पानं पिवळी पडायला लागली, बुंध्याला डिंक आला, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत 60 च्या वर झाडं गेली. नंतर कळलं की माती जुन्या संत्राबागेतली होती, म्हणजे बुरशी मी पिशवीतूनच घरी आणली होती.

म्हणून मी आता नर्सरीवाल्याला '95 टक्के जगतात का' असं विचारत नाही, ते सगळेच हो म्हणतात. मागच्या दोन-तीन वर्षांत कोणाला कलमं दिली ते दोन शेतकरी विचारतो आणि त्यांच्या बागेत जाऊन सलग ओळी मोजतो. 100 झाडांत नांग्या किती भरल्या ते लगेच दिसतं, नंतर लावलेली झाडं लहान असतात. मात्र मर कधी झाली ते नक्की विचारा. लावल्यावर महिना-दीड महिन्यात गेलेली झाडं बहुतेक वाहतुकीत मातीचा गोळा फुटल्याने किंवा पाणी चुकल्याने जातात, त्यात नर्सरीचा दोष असेलच असं नाही. पण एक-दोन पावसाळे काढून पिवळी पडत, डिंक गाळत गेलेली झाडं असतील तर कलमाबरोबरच रोग आल्याचा संशय घ्यावा. दोन्ही बागांत तेच दिसलं तर त्या नर्सरीचं नाव कट. एकाच बागेत दिसलं तर आधी तिथला निचरा बघा, कदाचित पाणीच साचत असेल.

एकरी 6 बाय 6 मीटरवर साधारण 110 झाडं बसतात, तुम्ही 120 घ्या, उरलेली दहा सावलीत पिशवीतच ठेवा म्हणजे नांग्या त्याच लॉटच्या भरता येतील. आणि लावताना डोळा मातीच्या वर राहील असं बघा, आळं दुहेरी करा म्हणजे पाणी बुंध्याला लागणार नाही. नर्सरीत जाताना टेप घेऊन जा, डोळ्याची उंची अंदाजाने ठरवू नका.