उंचीच्या ग्राफच्या स्क्रीनशॉटवरून चढ, तीव्रता आणि वेळ काढणे

प्रश्न: मित्राने ट्रेकिंग अ‍ॅपमधल्या उंचीच्या ग्राफचा स्क्रीनशॉट पाठवलाय (सोबत जोडलाय). अ‍ॅप माझ्याकडे नाही. ग्रुपमधला एकजण म्हणतो चढ ६७० मीटर आहे, ग्राफच्या कोपऱ्यात मात्र ९४० लिहिलंय. नक्की किती चढायचंय, सगळ्यात खडा चढ कुठे आहे आणि चालायला किती वेळ धरायचा?

उत्तर:

मी तुमच्या स्क्रीनशॉटवर मोजून पाहिलं. एकूण चढ ७९० मीटरच्या आसपास येतो. सगळ्यात खडा टप्पा ६.५ ते ६.८ किलोमीटरच्या दरम्यान आहे, तिथे सरासरी ४० टक्के चढ आहे. नुसत्या चालीला सव्वापाच तास आणि थांबे धरून सहा तासांहून थोडं जास्त ठेवा. आता हे कसं आलं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच काढता येईल.

आधी स्केल ठरवायचं. फोनवर चित्र उघडून नुसतं डोळ्याने बघू नका. पिक्सेलची जागा दाखवणाऱ्या कुठल्याही साध्या चित्रं पाहायच्या प्रोग्राममध्ये उघडा आणि ग्राफवरच्या दोन खुणांवर कर्सर नेऊन आकडे लिहून घ्या. तुमच्या चित्रात ० किलोमीटरची खूण आडव्या मापात ६० वर आहे आणि १० किलोमीटरची १०६० वर. म्हणजे १००० पिक्सेलमध्ये १० किलोमीटर, एका पिक्सेलला १० मीटर. उभ्या बाजूला ६०० मीटरची रेघ ५२० वर आणि १३०० मीटरची १७० वर आहे. ३५० पिक्सेलमध्ये ७०० मीटर, एका पिक्सेलला २ मीटर. (उभं माप वरून खाली वाढतं, वजाबाकी करताना ते लक्षात ठेवा.) मेसेजमधून येताना चित्र लहान झालं असलं तरी अडत नाही, कारण खुणा आणि रेषा दोन्ही त्याच चित्रातून मोजतोय.

या दोन आकड्यांतच ग्राफची मोठी फसगत दिसते. उभं स्केल आडव्याच्या पाचपट ताणलेलं आहे, आणि उंची शून्यापासून नव्हे तर ६०० पासून सुरू होते. त्यामुळे प्रत्येक चढ भिंतीसारखा दिसतो. चित्र बघून धडकी भरली असेल तर ती निम्म्याहून अधिक या ताणामुळे आहे.

एकूण चढासाठी रेषेवरचे फक्त वळणबिंदू घ्यायचे, म्हणजे जिथे चढ संपून उतार लागतो किंवा उतार संपून चढ लागतो ते. रेषेच्या जाडीच्या मधोमध कर्सर ठेवा. तुमच्या ग्राफवर मला हे बिंदू मिळाले:

० किमी: ६२० मी
२.५ किमी: ७८० मी
३.१ किमी: ७२० मी
५.० किमी: १०१० मी
५.६ किमी: ९५० मी
७.० किमी: १२९० मी (माथा)
१०.० किमी: ७०० मी

चढ तेवढे जमा करायचे: पहिल्या सोंडेवर १६०, खिंडीतून पुढच्या टप्प्यापर्यंत २९०, आणि शेवटी माथ्यापर्यंत ३४०. बेरीज ७९०. उतार तसेच: ६०, ६० आणि ५९०, मिळून ७१०. पडताळा सोपा आहे. सुरुवातीच्या ६२० मध्ये ७९० मिळवून ७१० वजा केले की ७०० उरतात, आणि ग्राफ ७०० वरच संपतो. हा ताळा जुळला नाही तर एखादा बिंदू चुकला किंवा सुटला आहे.

ग्रुपमधल्या त्या एकाचे ६७० आले ते माथ्याच्या उंचीतून पायथ्याची उंची वजा करून. मधल्या दोन खिंडींत उतरलेले साठ-साठ मीटर पुन्हा चढावे लागतात, ते १२० त्या वजाबाकीत येतच नाहीत. वाट सरळ माथ्याकडे चढत असेल तरच तो हिशोब बरोबर येतो.

कोपऱ्यातल्या ९४० ची गोष्ट वेगळी आहे. अ‍ॅप शेकडो बिंदूंमधली प्रत्येक बारीक वाढ चढ म्हणून जमा करतं. समजा दर २० मीटरला एक बिंदू आहे, म्हणजे १० किलोमीटरमध्ये ५००. त्यातल्या निम्म्या ठिकाणी उंची सरासरी ६० सेंटिमीटरने उगाच वर गेली, तरी १५० मीटरचा खोटा चढ तयार होतो. जीपीएसची उंची मुळात आडव्या जागेपेक्षा कमी भरवशाची असते, त्यामुळे असा थरथराट सहज येतो. अ‍ॅपने उंची नकाशाच्या आकडेवारीतून घेतली असेल तर दुसरा दोष येतो. ही आकडेवारी बहुतेकदा ३० मीटरच्या चौकटींची असते. वाट कड्याच्या पोटातून आडवी जात असेल आणि नोंद काही मीटर इकडेतिकडे सरकली, तर एक बिंदू कड्याच्या माथ्यावरच्या चौकटीत पडतो आणि पुढचा खालच्या. ग्राफवर हे ओळखू येतं: करवतीसारखे दाते, जवळजवळ सारख्याच उंचीचे, एक वर एक खाली. तुमच्या ग्राफवर ३.१ ते ४ किलोमीटरमध्ये असे दाते आहेत. मी ते मधून कापले.

मी पाच पिक्सेलपेक्षा, म्हणजे १० मीटरपेक्षा लहान उंचवटे सोडून दिले, कारण रेषाच चार पिक्सेल जाड आहे आणि तिच्यापेक्षा बारीक काही खात्रीने वाचता येत नाही. सोडलेल्यांत काही खरेही असणार. म्हणून ७९० हा आकडा कमीत कमी समजा. खरा आकडा ८५० पर्यंत जाऊ शकतो, ९४० मात्र मला पटत नाही.

आता खडा चढ. इथे रेषेचा सगळ्यात उभा दिसणारा तुकडा धरून मोजायचा मोह होतो, तो टाळा. एकदोन पिक्सेलच्या तुकड्यावर काढलेला चढ म्हणजे बहुतेकदा वर सांगितलेला थरथराटच. निदान २०० ते ३०० मीटर लांबीचा तुकडा घ्या. शेवटचा पूर्ण टप्पा, ५.६ ते ७ किलोमीटर, १४०० मीटरमध्ये ३४० मीटर चढतो, सरासरी २४ टक्के. पण त्याच्या आत तीन भाग दिसतात. ६.५ पर्यंत १९ टक्के, ६.५ ते ६.८ मध्ये ११२० वरून १२४० मीटर, आणि शेवटचे २०० मीटर २५ टक्के. मधल्या तुकड्यात ३०० मीटरला १२० मीटर चढ, म्हणजे ४० टक्के.

टक्के आणि अंश यांत गल्लत करू नका. १०० टक्के म्हणजे ४५ अंश, ४० टक्के म्हणजे साधारण २२ अंश. स्क्रीनवर हाच तुकडा ३० पिक्सेल आडवा आणि ६० पिक्सेल उभा आहे, म्हणून तो ६३ अंशांचा दिसतो. हा तुकडा लहान असल्यामुळे मोजणीतली चूकही इथे जास्त जाणवते. आडव्या मापात तीन पिक्सेल इकडेतिकडे झाले तर उत्तर ३६ ते ४४ टक्क्यांमध्ये कुठेही येतं. म्हणून कुणी ४१.३ टक्के वगैरे सांगितलं तर त्या दशांशाला अर्थ नाही. आणि ही ३०० मीटरची सरासरी आहे. मधेच पाच मीटरचा हाताने धरून चढायचा रॉक पॅच असेल तर तो या ग्राफवर दिसणारच नाही. ते मित्रालाच विचारा.

वेळेसाठी मी दोन रीती वापरतो. जुनी रीत विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडली. आजच्या मापात ती अशी: ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वरून एक तास. तुमच्यासाठी १० किलोमीटरचे २ तास आणि ७९० मीटरचे १ तास १९ मिनिटं, एकूण ३ तास १९ मिनिटं. हा सराव असलेल्या, हलकं ओझं घेतलेल्या माणसाचा, वाट चांगली असतानाचा वेळ आहे. ग्रुपसाठी मी तो धरत नाही.

दुसरी जर्मन मानकातली आहे, डीआयएन ३३४६६. त्यात सपाटीला ताशी ४ किलोमीटर, चढाला ताशी ३०० मीटर, उताराला ताशी ५०० मीटर. चढ-उताराचा वेळ एकत्र करायचा, अंतराचा वेगळा काढायचा, आणि दोन्हींपैकी मोठ्यात लहानाचा अर्धा मिळवायचा. तुमचा चढ २ तास ३८ मिनिटं, उतार १ तास २५ मिनिटं, मिळून ४ तास ३ मिनिटं. अंतराचे अडीच तास, त्याचे अर्धे सव्वा तास. एकूण ५ तास १८ मिनिटं. हीच रीत माथ्यापर्यंत वेगळी लावली तर वर जायला पावणेचार तास आणि पुढे उतरायला दीड तासापेक्षा थोडा जास्त येतो.

यात विश्रांती नाही. तासाला दहा मिनिटं धरली तर पन्नासेक मिनिटं वाढतात. खडकाळ वाट, घसारा, ओली जमीन हेही या सूत्रांना कळत नाही. माथ्यावरून ७ ते ८.२ किलोमीटरमध्ये तुमचा ग्राफ ३६० मीटर उतरतो, म्हणजे ३० टक्के. अशा उतारावर घसारा असेल तर ताशी ५०० मीटर कुणी उतरत नाही, तिथे अर्धा तास जादा ठेवा. आणि ६.६ च्या आसपास खरोखर रॉक पॅच निघाला तर वेळ रांगेत जातो: बारा जण, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे ३६ मिनिटं तिथेच.

ग्रुपने आधी केलेल्या एखाद्या ट्रेकची नोंद असेल तर हेच सूत्र तिला लावून बघा. सूत्राने चार तास सांगितले आणि तुम्हाला पाच लागले असतील, तर इथेही सव्वापट करा. त्यासाठी वेगात चालणाऱ्याचा नव्हे, सगळ्यात शेवटी पोचणाऱ्याचा वेळ घ्या.

आणि मित्राला एक गोष्ट जरूर विचारा: ही नोंद तुम्ही जाणार आहात त्याच दिशेची आहे ना? उलट दिशेने गेलात तर चढ ७१० होतो, माथा सुरुवातीपासून तीनच किलोमीटरवर येतो, आणि हा ४० टक्क्यांचा तुकडा दमलेल्या पायांनी उतरावा लागतो.