ॲप म्हणतं 'अपूर्णांक पक्के', वहीत मात्र चुका

प्रश्न: शाळेच्या ॲपवर मुलाचे अपूर्णांक 'पक्के' दिसतात, पण वहीत चुकतात. खरं काय धरू?

वही खरी धरा. मी ऐरोलीत सहावीला गणित शिकवते. अशी ॲप्स मूल जसं उत्तर देईल तसा पुढचा प्रश्न निवडतात, आणि त्याचा फायदा मी पाहिलाय. एक मुलगा १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहायचा, म्हणजे वरचे वर आणि खालचे खाली मिळवायचा. पन्नास वह्यांत माझ्या नजरेतून सुटलेली ही सवय ॲपने दोन दिवसांत दाखवली.

पुढे घरी त्याच्याच लॉगिनवरून ताई गणितं सोडवू लागली. ओळीने बरोबर उत्तरं आली, ॲपने धडा पक्का धरून त्याला गुणोत्तरावर नेलं आणि तिथे तो अडकला. बोट कुणाचं, हे ॲपला कळत नाही. मला शंका आली ती वेळेच्या नोंदीवरून: शाळेत एका प्रश्नाला चाळीस सेकंद, घरी सहा.

तुम्हीही बाईंकडे नुसती टक्केवारी न मागता प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आणि वेळ बघायला मागा. समोर बसवून कागदावर पाच गणितं सोडवून घ्या. चुकली, तर तो धडा ॲपवर पुन्हा सुरुवातीपासून लावून द्यायला सांगा.