वर्गाआधीच्या चाचणीत सगळे पास, वर्गात सगळे गप्प

प्रश्न: एस.वाय.ला भूगोल शिकवते. फ्लिप्ड क्लासरूम म्हणून लेख आधी वाचायला देते आणि तासाच्या आदल्या दिवशी गूगल फॉर्मवर दहा प्रश्नांची चाचणी घेते. जवळपास सगळ्यांना नऊ-दहा गुण पडतात. वर्गात लेखातलं काही विचारलं की मात्र शांतता. प्रश्न नक्की कसे काढू?

उत्तर:

मॅडम, तुमचे दहा प्रश्न पाहिलेले नाहीत, पण माझे पहिल्या वर्षीचे आठवतात. कोयना भूकंपावरचा पाच पानी लेख दिला होता. प्रश्न असे: धरणाची उंची किती? भूकंप कोणत्या तारखेला झाला? जलाशयाचं नाव काय? उत्तरं १०३ मीटर, ११ डिसेंबर १९६७, शिवाजीसागर. पोरं एका हातात पीडीएफ आणि दुसऱ्या हातात फॉर्म घेऊन बसायची. शब्द शोधायचा, आकडा उचलायचा, चार मिनिटांत पैकीच्या पैकी. लेख कुणी वाचलाच नव्हता, आणि माझ्या प्रश्नांना त्याची गरजही नव्हती.

आता मी पाचच प्रश्न काढतो. एक साधा माहितीचा, पानं उलटली का एवढं कळायला. तीन असे, ज्यांचं उत्तर लेखातल्या एका वाक्यात सापडत नाही, दोन ठिकाणचं जोडावं लागतं. पाचवा खुला. त्याच लेखावरचा माझा एक प्रश्न दाखवतो:

कोयनेच्या जलाशयात पाणी साठवायला १९६१-६२ मध्ये सुरुवात झाली. मोठा भूकंप १९६७ च्या डिसेंबरात झाला. मधली पाच वर्षं का गेली, याचा उलगडा लेखातल्या कोणत्या मुद्द्यानं होतो?

— पाण्याचं वजन वाढत गेलं आणि शेवटी खालचा खडक त्या भारानं मोडला.
— खोल भेगांतल्या पाण्याचा दाब हळूहळू वाढला आणि ताणलेल्या भ्रंशाची पकड सुटली.
— झिरपलेलं पाणी खोलवर तापलं, त्याची वाफ झाली आणि तिनं खडक फोडला.
— भूकंप व्हायचाच होता, धरण तिथं असणं हा निव्वळ योगायोग.

दुसरा पर्याय बरोबर. बाकीचे तीन मी मनानं रचलेले नाहीत, आधीच्या वर्षांच्या उत्तरपत्रिकांतून उचललेत. मुलं खरोखर असं लिहितात, म्हणून ते खरे वाटतात. (वाफेचा तर मी दरवर्षी वाचतो.) उगाच हास्यास्पद पर्याय ठेवला की चारातले तीनच उरतात.

या प्रश्नाच्या पहिल्या खर्ड्यात बरोबर पर्याय दोन ओळींचा होता आणि चुकीचे अर्ध्या ओळीचे. आमच्या स्टाफरूममधल्या इतिहासाच्या सरांना लेख न देता फॉर्म भरायला लावला. त्यांनी पाचातले चार बरोबर सोडवले! विचारलं कसं, तर म्हणाले, “जिथं तुम्ही जास्त सांभाळून लिहिलंय तिथं टिक केली.” तेव्हापासून पर्यायांची लांबी सारखी ठेवतो, आणि फॉर्म आधी लेख न वाचलेल्या कुणाला तरी देतो. त्याला दोनाहून जास्त जमले तर प्रश्न बदलायचे.

फॉर्मच्या सेटिंगमध्ये एक गोष्ट बघा. Release grades खाली Later, after manual review निवडा. नाहीतर पहिला मुलगा फॉर्म पाठवतो, त्याला बरोबर उत्तरं दिसतात आणि दहा मिनिटांत स्क्रीनशॉट ग्रुपवर. Shuffle option order पण लावा, म्हणजे ‘तिसऱ्याचं ब’ असा निरोप चालत नाही. मात्र ते लावलं की ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय ठेवू नका, तो कुठंही जाऊन बसतो.

गुणांचं म्हणाल तर मी हात पोळून घेतलाय. एके वर्षी या चाचण्यांना अंतर्गत मूल्यमापनातले दहा गुण ठेवले, आणि चाचणी म्हणजे कोण आधी सोडवून ग्रुपवर टाकतो याची शर्यत झाली. आता बरोबर-चुकीला गुण नाहीत. वेळेत भरली आणि खुल्या प्रश्नाला धड वाक्यात उत्तर लिहिलं की गुण मिळाला. चुकायला मोकळीक असली की मुलं स्वतःचं उत्तर देतात, आणि मला तेच हवं असतं.

तास गुरुवारी अकराला असेल तर फॉर्म बुधवारी रात्री आठला बंद. मग अर्धा-पाऊण तास मी फक्त उत्तरं बघतो. गुणांची सरासरी बघत नाही, चुका कुठं पडल्यात ते बघतो. चुकीची उत्तरं तिन्ही पर्यायांत सारखी विखुरली असतील तर मुलांनी वाचलेलं नाही किंवा माझा प्रश्न धड नाही. एकाच पर्यायावर ढीग असेल तर वाचलंय, पण गफलत झालीय. कोयनेच्या प्रश्नात निम्म्याहून जास्त वर्ग ‘वजनानं खडक मोडला’ वर होता. म्हणजे गुरुवारचा तास ठरला. धरणाचा इतिहास, नकाशा, नुकसान, सगळं वगळलं.

तासाला सुरुवातीलाच फळ्यावर हिशोब मांडला. शंभर मीटर पाण्याचा दाब साधारण दहा वातावरणांइतका. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब तेराशेच्या आसपास. तेराशेवर दहा वाढले म्हणून खडक मोडेल का? वर्ग गप्प, पण या वेळी विचारात पडून. मग कॅन्टीनमधून कप मागवला. गरम पाण्यात विसळून, ओल्या गुळगुळीत टेबलावर पालथा ठेवला आणि टेबल जरासं कललं. आत अडकलेली हवा तापून कपाला किंचित उचलून धरते, कपाचं वजन तेवढंच राहतं, पण टेबलाशी पकड सुटते आणि तो घसरतो. भ्रंशात हवेच्या जागी पाणी. हबर्ट आणि रुबी या अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये हेच बिअरच्या थंडगार रिकाम्या डब्यानं दाखवलं होतं. आमच्याकडं कपच बरा. ज्यांनी चुकीचा पर्याय निवडला होता त्यांनाच शेजाऱ्याला समजावून सांगायला लावलं आणि तोच प्रश्न पुन्हा हात वर करून घेतला.

एक मोह टाळा. चाचणी वाईट गेली म्हणून अख्खा लेख वर्गात वाचून दाखवू नका. तसं दोनदा झालं की तिसऱ्या आठवड्यापासून कुणी घरी वाचत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही.

राहिला पाचवा प्रश्न. तो हार्वर्डच्या एरिक मझूर यांच्या भौतिकशास्त्राच्या वर्गातून आलेला आहे: लेखात काय अवघड किंवा गोंधळाचं वाटलं? काहीच नसेल तर सर्वात रंजक काय वाटलं? ‘सर्व समजले’ लिहिणाऱ्यांनाही त्यामुळं काहीतरी लिहावं लागतं. बहुतेक उत्तरं एका ओळीची येतात, पण त्या वर्षी एका मुलीनं लिहिलं होतं: “पाणी झिरपायला पाच वर्षं लागली, तर मग दर पावसाळ्यानंतर काही आठवड्या-महिन्यांत धक्के कसे वाढतात?” रात्री साडेनऊला हे वाचलं आणि मी परत पुस्तकं काढली. उत्तर असं की पाण्याचा थेंब स्वतः खाली पोचावा लागत नाही. खालच्या भेगा आता पाण्यानं भरलेल्याच आहेत, वरून दाब वाढला की तो आतल्या आत पुढं सरकतो. आधीच भरलेल्या नळीचा नळ सोडला की दुसऱ्या टोकाला लगेच पाणी येतं, तसं. सकाळी वर्गात तिचा प्रश्न नाव न घेता फळ्यावर लिहिला, आणि तासाची शेवटची पंधरा मिनिटं त्यातच गेली.