डब्याचा वास आणि कूलरचा वारा : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आठवड्यातून एकदा मी डब्यात सुकटीचा रस्सा नेतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम केला की साऱ्या कार्यालयाला कळते. काय करावे? (साकोली)

सुकट आणि बोंबील समुद्रातले. सागरी मासळीत असणाऱ्या एका द्रव्यापासून जीवाणूंमुळे ट्रायमिथाइलअमाइन तयार होते आणि मासळीचा ओळखीचा वास मुख्यतः त्याचाच असतो. हे द्रव्य क्षारधर्मी असल्याने आंबट पदार्थाशी त्याचा संयोग झाला की त्याचे वाफेवाटे उडणे कमी होते. म्हणून सुकट निवडून, गरम पाण्याने धुऊन घ्यावी, रश्श्यात चिंच किंवा आमसूल घालावे आणि गरम करण्यापूर्वी अर्धे लिंबू पिळावे. वास पूर्ण जाणार नाही, पण त्याची धार निश्चित बोथट होते.

दुसरी गोष्ट गरम करण्याच्या पद्धतीची. पूर्ण शक्तीवर तीन मिनिटे लावल्यास कडेचा रस्सा उकळून तेल उडते आणि मधला भाग कोमटच राहतो. स्टीलच्या डब्यातून रस्सा काचेच्या वाडग्यात काढा, चमचाभर पाणी घाला, त्यावर झाकण सैल ठेवा आणि निम्म्या शक्तीवर दोन मिनिटे लावा. मग ढवळून पुन्हा तितकाच वेळ द्या. ओव्हन बंद झाल्यावर दार लगेच उघडू नका. मिनिटभरात बरीचशी वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब होऊन परत रश्श्यात पडते, आणि तीच वाफ एरवी हॉलमध्ये गेली असती. मात्र वासाच्या धास्तीने रस्सा अर्धवट कोमट करून खाऊ नये. मे महिन्यात सकाळी आठला भरलेला डबा दुपारी दीडपर्यंत बाहेर ठेवणे धोक्याचे असते, म्हणून तो कार्यालयात पोहोचताच फ्रीजमध्ये ठेवावा आणि खाताना मध्यभागातूनही वाफ येईपर्यंत गरम करावा. कोरडी सुकटीची चटणी असेल तर ती गरम करण्याची गरजच नाही. भात गरम करावा आणि चटणी तशीच घ्यावी.

प्रश्न : हिवाळ्यात त्रास होत नाही, पण एप्रिलपासून जेवणाचा वास थेट काउंटरपर्यंत येतो. असे का? (आर्वी)

कारण बहुधा कूलर असावा. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि ती हवा कोठून तरी बाहेर पडणारच. कोठून पडते, त्यावर वासाची दिशा ठरते.

माझ्या पाहण्यातले एक तालुक्याचे कार्यालय घ्या. तेथे हॉल पुढे आणि जेवणाची खोली मागे होती. कोणी तरी सोय म्हणून कूलर त्या मागच्या खोलीच्या खिडकीत बसवला होता, म्हणजे भाजीची वाफ उचलून हॉलमध्ये पोहोचवण्याची पक्की व्यवस्थाच झाली होती! लोकांनी दोन वर्षे डबेवाल्यांना दोष दिला. कूलर हॉलच्या खिडकीत हलवला, तरी पहिल्या दिवशी फरक पडला नाही, कारण उन्हाच्या झळांमुळे मागची खिडकी बंद होती आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाची उघडी होती. मग जेवणाच्या पाऊण तासापुरती मागची खिडकी उघडी व हॉलची बंद ठेवली, तेव्हा हवा हॉलमधून मागच्या खोलीत आणि तेथून बाहेर जाऊ लागली.

आपल्याकडची दिशा तपासण्यासाठी पेटती उदबत्ती जेवणाच्या खोलीच्या दारात धरा. धूर खोलीच्या आत ओढला गेला पाहिजे. तो हॉलकडे येत असेल तर मांडणी उलटी आहे. वीज गेल्यावर कूलर थांबतो आणि बाहेरच्या वाऱ्यानुसार धूर उलट फिरू शकतो, तेव्हा दार लोटून घेणे एवढाच उपाय उरतो. तेथे एक्झॉस्ट पंखा असल्यास त्यालाही आत येणारी हवा लागते, त्यामुळे दाराखालची फट कापडाने बंद करू नये.

प्रश्न : पॅन्ट्रीत मांसाहार आणू नये, अशी पाटी लावावी का? (सिंदेवाही)

माझ्या मते लावू नये. वासाची तक्रार वासापुरती ठेवावी. कोरड्या तव्यावर परतलेल्या लसूण-मिरचीच्या ठेच्याने जेवढा ठसका लागतो तेवढा कोंबडीच्या रश्श्याने लागत नाही, आणि जास्त शिजलेल्या कोबी-मुळ्याचा गंधकी वासही कमी नसतो. शेजारच्याच्या ताटात काय आहे यावर नियम केला की तो ताटावरून माणसावर सरकतो. पाटीवर “झाकण ठेवूनच गरम करा, सांडलेले पुसा, उष्टे व हाडे त्याच दिवशी बाहेर न्या” एवढे असावे आणि ते साऱ्यांना लागू असावे. ज्याला खरोखर मळमळते त्याने तसे थेट, एकांतात सांगावे. मग ते दोघे जेवणाची वेळ अर्ध्या तासाने मागेपुढे करू शकतात.

प्रश्न : ओव्हन पुसला तरी वास राहतो. (आर्वी)

फिरती काच काढून तिच्याखाली आणि दाराच्या कडेला पाहा. तेल तेथे साचते. वाडगाभर पाण्यात लिंबाच्या फोडी व एक लाकडी चमचा टाकून तीन मिनिटे तापवा. चमच्यामुळे पाणी अचानक उसळत नाही. पाच मिनिटे दार बंद ठेवा, मग सुटलेला थर फडक्याने पुसा आणि संध्याकाळी जाताना ओव्हनचे बटण बंद करून दार उघडे ठेवा.